पाठ फिरवून बघायची मालिका

स्वयंपाक करताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना लावायला मालिका शोधायची, तर आपण कथा सोपी आहे का एवढंच बघतो. पण कथा कितीही सोपी असो, ती सबटायटल वाचून कळणार असेल तर कढईसमोर उभ्या माणसाला तिचा काहीच उपयोग नाही. कोरियन मालिका लावायचीच असेल तर डब केलेली लावावी. आधी बघायचं ते हे, की गोष्ट नुसती ऐकून कळते का.

यामागचं कारण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर विकन्स यांच्या मांडणीत सापडतं. त्यांच्या मते लक्ष म्हणजे एकच साठा नव्हे. बघण्याची आणि ऐकण्याची, तसंच शब्दांची आणि जागा-आकारांची क्षमता काही अंशी वेगवेगळी असते. दोन कामं एकाच क्षमतेवर आली की भांडण सुरू होतं. चादरीची घडी घालताना डोळे, हात आणि टोकाला टोक जुळवण्याचा अंदाज कामाला लागतो, शब्द मोकळे राहतात. म्हणून घड्या आणि संवाद यांचं छान जमतं.

कुकरचं मात्र जमत नाही. शिट्ट्या मोजताना आपण ‘दोन झाल्या, दोन झाल्या’ असं मनात घोळवत आकडा धरून ठेवतो, म्हणजे शब्दच वापरतो. कानावर पडणारं बोलणं, आपण त्याकडे दुर्लक्ष केलं तरी, अशी मनातली उजळणी बिघडवतं, हे स्मरणशक्तीच्या प्रयोगांत अनेकदा दिसलं आहे. सासू-सुनेचा वाद रंगला की तिसरी शिट्टी झाली की चौथी, हे हमखास विसरायला होतं. उपाय अगदी साधा आहे: प्रत्येक शिट्टीला ओट्यावरचा एक शेंगदाणा बाजूला सरकवायचा. आकडा डोळ्यांकडे गेला, कान मालिकेला मोकळे झाले. नवी पाककृती वाचून करायची असेल, तर मात्र मालिका बंदच ठेवलेली बरी.

अर्ध्या लक्षाने बघायची मालिका हा प्रकार मुळात रेडिओवर जन्मला. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी शिकागोत १९३०च्या दशकात दुपारच्या श्रुतिका सुरू झाल्या. साबणाच्या कंपन्या पैसे पुरवत, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ नाव पडलं. लेखिका इर्ना फिलिप्स यांची ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर आली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि पुढची चार वर्षं दोन्हीकडे चालू राहिली. चित्राविना गोष्ट पोचवायची, तर माणसांना एकमेकांची नावं घेऊन बोलावं लागतं. काल झालेलं भांडण आज आत्याला सांगावं लागतं, उद्या शेजारणीला. आपण या पुनरुक्तीला हसतो, पण दूध उतू जाताना धावत गेलेल्या प्रेक्षकाला गोष्टीत परत घेणारी तीच असते.

म्हणून निवडीची परीक्षा अशी घ्या. मधलाच एखादा भाग लावा, पडद्याकडे पाठ करा आणि पाच मिनिटं काम करत राहा. मग कोण कोणावर चिडलंय आणि का, हे सांगता येतं का बघा. सांगता आलं तर मालिका पास. नंतर मुद्दाम दोन मिनिटं खोलीबाहेर जाऊन या आणि मागे न जाता धागा सापडतो का ते पाहा. नजरानजर, मोबाइलवरचे मेसेज, न बोलता सापडलेला पुरावा यांवर चालणाऱ्या रहस्यमालिका इथेच नापास होतात, मग कथानक एका ओळीत सांगण्याइतकं सोपं का असेना. आवाजही वेगवेगळे हवेत. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांच्या १९५३ सालच्या प्रयोगात लोकांना एका कानातलं बोलणं मोठ्याने म्हणायला लावलं होतं. दुसऱ्या कानात काय चाललंय याबद्दल त्यांना जवळजवळ काहीच सांगता आलं नाही, पण पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली हे कळलं. लक्ष नसतानाही आवाजाचा पोत पोचतो. चार तरुण नायक एकाच पट्टीत बोलत असतील तर पाठमोऱ्या माणसाचा गोंधळ ठरलेला.

शांत बसून मालिका बघायला घेतली की ज्यांचं मन पाच मिनिटांत भलतीकडे जातं, त्यांना घड्यांची मदतही होऊ शकते. मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना अडीच मिनिटांचा एक कंटाळवाणा फोन-संदेश ऐकवला. त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला दिले होते. त्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. दिवास्वप्नात शिरायला जेवढी फुरसत लागते, तेवढी हाताच्या कामाने खाऊन टाकली असावी, असा अँड्रेड यांचा अंदाज. प्रयोग लहान होता आणि त्यात घड्या नव्हत्या, पण तर्क लागू पडण्यासारखा आहे. हात चालू असूनही मन निसटत असेल तर मालिका बहुधा फारच संथ आहे. अशा वेळी विनोदी, भराभर बोलणारी, आधी एकदा बघितलेली मालिका लावून पाहावी. प्रसंग ओळखीचे असल्याने मधला तुकडा हुकला तरी अडत नाही.

आणि चिमणीचा पंखा चालू असेल तर टीव्हीचा आवाज वाढवत बसू नका. पंख्याच्या घरघरीत शब्द बुडतात आणि ते जुळवण्यातच डोकं दमतं. एका कानात इअरफोन घाला, दुसरा कान कुकरसाठी आणि दारावरच्या घंटीसाठी मोकळा ठेवा.