दर आठवड्याचा कार्टून भाग : पहिलाच भाग महाग का?

दर शनिवारी एक भाग हवा म्हणून येणारे ग्राहक पहिल्या भागाचं कोटेशन पाहून दचकतात. त्या रकमेत साच्याचं, म्हणजे दर भागात पुन्हा वापरायच्या पात्रांचं आणि जागांचं, काम धरलेलं असतं. दुसऱ्या भागापासून दर उतरतो तो त्याच्यामुळेच.

तासगावच्या एका शेती-औषधांच्या दुकानासाठी आम्ही तीन मिनिटांची मालिका करतो. तात्या द्राक्षबागेत काहीतरी चुकतात आणि पुतणी त्यांना सुनावते. दोघं, बाग, काउंटर, सुरुवातीचं शीर्षक आणि शेवटची पाटी दर आठवड्याला तीच. संवाद आणि हालचाली बदलतात. कधी फवारणी पंप येतो, कधी डाऊनी रोग पडलेलं पान.

सगळ्यात जास्त वेळ तात्यांच्या तोंडाला लागला. ओठांचे आठ आकार एकदाच काढून ठेवलेत. आवाज आधी रेकॉर्ड होतो, मग अक्षरागणिक आकार बसवतो. 'प', 'ब', 'म'ला ओठ मिटायलाच हवेत. उघड्या तोंडाने 'बाग' म्हटलेलं लहान पोरालाही खटकतं.

पूर्वी आम्ही मागच्या आठवड्याची फाइल उघडून नव्या नावाने सेव्ह करायचो. पाचव्या भागानंतर दुकानाचा फोन नंबर बदलला. शेवटची पाटी आम्ही बदलली, पण काउंटरमागच्या बोर्डावर जुनाच नंबर राहिला. चूक आमचीच, आणि कळली ती भाग पाठवल्यावर.

आता पात्रं, पाट्या आणि बोर्ड वेगळ्या मूळ फाइलींत असतात:

```
malika/
  mool/tatya.blend
  mool/dukan.blend
  bhag_06/bhag_06.blend
```

ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भागाच्या फाइलीत ते `File > Link` करून आणतो. `Append` केलं तर प्रत तयार होते आणि मुळाशी नातं तुटतं. लिंक केलेल्या तात्यांचा हात हलवायला त्यांच्यावर `Library Override` करावा लागतो, म्हणजे मूळ फाइल तशीच राहते आणि बदल त्या भागापुरता होतो, पण नंबर `dukan.blend`मध्ये एकदा बदलला की पुढच्या प्रत्येक भागात नवाच येतो.

यात एक खोच आहे. जुना भाग पुन्हा रेंडर केला, म्हणजे फाइलीतून व्हिडिओ नव्याने काढला, तर त्यातही नवा बोर्ड दिसेल. म्हणून पाठवलेल्या भागाचा व्हिडिओ आणि त्या दिवशीच्या मूळ फाइली आम्ही बाजूला जपून ठेवतो. तुम्हाला फाइली हव्या असतील तर अख्खं `malika` फोल्डर मागून घ्या. नुसतं `bhag_06` पेनड्राइव्हवर नेलंत, तर उघडल्यावर तात्या गायब असतील.

नवं पात्र किंवा नवी जागा आली की साच्याचा उपयोग संपतो. ते काम शून्यापासून, त्यामुळे दरही वेगळा. तात्यांचा फेटा की टोपी, दुकानाचं नाव बोर्डावर कसं लिहायचं, हे साचा मंजूर करतानाच सांगा. टोपी नंतर बदलता येते, पण प्रत्येक बाजूच्या डोक्यावर नव्याने काढावी लागते. शनिवारच्या भागाची संहिता सोमवारी संध्याकाळपर्यंत पोचवा. मंगळवारी सकाळी रेकॉर्डिंग असतं.