बाबांच्या नंबरवर मेसेज पाठवत राहावं का?

वडील जाऊन काही महिने झालेत आणि मुलगी अजून त्यांच्या व्हॉट्सॲपवर लिहिते: 'बाबा, आज तुमच्यासारखी आमटी जमली.' ती हे सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं तर 'आता सोड ते' असंच ऐकायला मिळणार.

त्या 'सोड'मागे जुना सिद्धांत आहे. 1917 साली फ्रॉइडने मांडलं, की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू मोकळं करून घेणं हेच शोकाचं काम. पुढची अनेक दशकं नातं तोडणं हेच बरं होण्याचं लक्षण मानलं गेलं. 1996 मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी याला उघड आव्हान दिलं. बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात, आणि त्यात आजार असा काही नाही, हे त्यांचं म्हणणं. पितृपक्षात दरवर्षी पान वाढणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायला नको. तेव्हा मेसेज लिहिणं हा काही वेडेपणा नव्हे.

पण सगळे मेसेज सारखे नसतात. 2008 मध्ये मेरी-फ्रान्सिस ओकॉनर आणि सहकाऱ्यांनी आई किंवा बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या स्त्रियांना त्या व्यक्तीचे फोटो दाखवून मेंदूची चित्रं घेतली. ज्यांचा शोक अडकून राहिला होता, त्यांच्या मेंदूत 'न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स' हा भागही जागा होत होता. काहीतरी हवंहवंसं मिळण्याच्या ओढीशी या भागाचा संबंध असतो. ज्या स्त्रीची भेटीची ओढ जास्त, तिच्यात ही हालचालही जास्त. हा अभ्यास लहान होता, त्यावरून कुणाचं निदान करता येत नाही. तरी मेसेजच्या बाबतीत मला त्यातून एक खूण मिळते: लिहून झाल्यावर तुम्ही फोन बाजूला ठेवता, की एका टिकच्या दोन होतात का ते पुन्हापुन्हा बघता? पहिल्यात सांगणं आहे, दुसऱ्यात वाट पाहणं. वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तीव्र ओढ, 'ते गेलेच नाहीत' असं वाटणं आणि कामाधामात, माणसांत मन न रमणं हे सगळं एकत्र असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. अमेरिकी मनोविकार नियमावलीत 2022 पासून अशा लांबलेल्या शोकाला वेगळं निदान आहे.

आता नंबराचं बघू. गप्पा तुमच्या फोनमध्ये असतात, नंबर मात्र कंपनीचा असतो. समजा, बाबांचा प्रीपेड फोन 1 जानेवारीला बंद झाला आणि शिल्लक 20 रुपयांहून कमी होती. नियमानुसार 90 दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, म्हणजे साधारण 1 एप्रिलला. तो परत सुरू करून घ्यायला आणखी 15 दिवसांची सवलत असते. पुढे निदान 90 दिवस नंबर कुणाला देत नाहीत. म्हणजे जुलैच्या मध्यापासून तो एखाद्या अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो. मधेच, 120 दिवस न वापरलेलं खातं व्हॉट्सॲप काढून टाकतं. फॅमिली ग्रुपमधून बाबांचं नाव अचानक गायब होतं आणि घरभर रडारड होते. ते कुणी मुद्दाम केलेलं नसतं.

नंबर दुसऱ्याकडे गेल्यावर त्याला जुन्या गप्पा दिसत नाहीत, पण तुमचा नवा मेसेज सरळ त्याच्याकडे पोचतो. ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातली अशीच एक बातमी गाजली. एक तरुणी चार वर्षं वडिलांच्या जागी मानलेल्या माणसाच्या नंबरवर लिहीत होती आणि एके दिवशी उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती. या तरुणीचे मेसेज तो वाचत आला होता, पण तिचं मन मोडेल म्हणून गप्प राहिला होता. लोकांना ही गोष्ट फार गोड वाटली. मला ती निव्वळ नशिबाची वाटते. त्याच जागी 'राँग नंबर' म्हणून ब्लॉक करणारा किंवा दुःखाचा अंदाज घेऊन पैसे मागणारा कुणीही असू शकला असता. नंबराला बँकेचे ओटीपी जोडलेले असतील, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून नंबर हवाच असेल, तर तो बंद पडण्याआधी मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि सिम वारसाच्या नावावर करून घ्या. बँकेला मृत्यूची माहिती देणं हे वेगळं काम, तेही उरकावं. नुसतं रिचार्ज करत राहिलं, तर सिम कागदोपत्री गेलेल्या माणसाच्याच नावावर राहतं.

नंबर सोडायचा असेल, तर आधी गप्पा वाचवा. अँड्रॉइड फोनवर त्या चॅटमध्ये वरचे तीन ठिपके, मग More, मग Export chat. फोटो आणि आवाजही हवे असतील तर Include media निवडा आणि ती फाइल फोनबाहेर कुठेतरी ठेवा. पुढचं लिहिणं व्हॉट्सॲपमध्येच स्वतःच्या नावाच्या चॅटमध्ये करता येतं. तिथे टिककडे बघत बसण्याचा प्रश्नच उरत नाही. काही जणांना मात्र तिथे लिहावंसंच वाटत नाही. त्यांचं लिहिणं बाबांशी बोलण्यासाठी होतं की त्यांच्या उत्तरासाठी, हे तेव्हा त्यांनाच कळतं.