पूर्वमृत अपत्याची शाखा

हिंदू व्यक्ती मृत्युपत्र न करता वारली आणि तिचा मुलगा किंवा मुलगी तिच्याआधीच गेलेली असली, तरी त्या अपत्याचा वाटा बुडत नाही. तो मागे राहिलेल्या शाखेकडे जातो. हिशेबाचे नियम हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये आहेत: पुरुषाच्या मिळकतीसाठी कलम १०, स्त्रीच्या मिळकतीसाठी कलम १६. दोन्हींतला फरक मुख्यतः विधवा सुनेला भोवतो.

इंदूरच्या राजेंद्रनगरात आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला २४०० चौरस फुटांचा प्लॉट आहे असे धरू. आजोबा गेले तेव्हा आजी, एक मुलगा आणि एक मुलगी हयात होती. दुसरा मुलगा आधीच वारला होता. त्याची बायको आणि दोन मुले आहेत. दुसरी मुलगीही आधी वारली; तिचा नवरा आणि एक मुलगा आहे.

इथे बरेच जण डोकी मोजतात आणि सात वाटे करतात. ते चूक आहे. आजी, मुलगा, मुलगी आणि दोन शाखा असे पाच वाटे होतात, प्रत्येकी ४८० चौरस फुटांचे. मुलाच्या शाखेत सून आणि दोन नातवंडे समान वाटेकरी, म्हणून प्रत्येकी १६०. मुलीच्या शाखेचे ४८० एकट्या नातवाला मिळतात. जावयाला काहीच नाही.

पुढे आजीही मृत्युपत्राविना गेली. तिच्या ४८० फुटांचे मुलगा, मुलगी आणि दोन शाखा असे चार वाटे पडतात, प्रत्येकी १२०. पण कलम १६ मध्ये पूर्वमृत अपत्याचा वाटा फक्त त्याच्या मुलांना जातो. सून इथे वारस नाही. तिच्या दोन मुलांना प्रत्येकी ६० मिळून त्यांचे २२० होतात, आणि सून १६० वरच थांबते. प्लॉट पहिल्यापासून आजीच्या नावावर असता, तर मुलांना प्रत्येकी ३०० आणि सुनेला शून्य. नवऱ्यामागे सासूची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या बाईला हे नामांतरणाच्या वेळी कळावे, ही खरोखर वाईट गोष्ट आहे. सासूने हयातीतच मृत्युपत्र करून ठेवले तर ही वेळ येत नाही.

पूर्वमृत मुलाला मूलबाळ नसेल तर फरक आणखी तीव्र होतो. सासऱ्याच्या मिळकतीत त्या शाखेचा सगळा वाटा सुनेला मिळतो. सासूच्या मिळकतीत शाखाच मोजली जात नाही.

हा सगळा हिशेब मृत्यूंच्या क्रमावर उभा आहे, म्हणून आधी मृत्युदाखल्यांवरच्या तारखा पाहाव्यात. मुलगा वडिलांनंतर एक दिवसाने जरी वारला असला तरी तो पूर्वमृत नव्हे. त्याचे ४८० फूट त्याच्या नावे आधीच लागलेले असतात आणि ते बायको, दोन मुले व आई अशा चौघांत १२०-१२० वाटले जातात. मुलगी वडिलांनंतर वारली असेल, तर तिच्या त्याच ४८० फुटांत जावई मुलाच्या बरोबरीने वाटेकरी होतो, पण तिला मूल हयात नसेल तर वडिलांकडून आलेला तो वाटा वडिलांच्या वारसांकडे परत जातो.