दुधात नको, सफरचंदात चालेल

कॅप्सूल गिळता न येणाऱ्या मुलाला ती उघडून, आतलं औषध कुटून दुधातून द्यायचं, ही पद्धत घरोघरी आहे. ओमेप्राझोलच्या बाबतीत यात दोन चुका होतात: कुटणं आणि दूध.

ओमेप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतं, पण ते स्वतः आम्लात टिकत नाही. काही मिनिटांत त्याचं विघटन सुरू होतं. म्हणून कॅप्सूलमध्ये पूड नसते, बारीक गोळे असतात आणि प्रत्येक गोळ्यावर एक पातळ थर असतो. मला सगळ्यात आवडतो तो हा थर. त्याच्या लांबलचक रेणूंवर जागोजागी आम्लगट लटकलेले असतात. भोवती आम्ल भरपूर असेल तर हे गट आपापला हायड्रोजन धरून ठेवतात आणि थर पाण्यात विरघळत नाही. आम्ल कमी होऊन सामू ५.५ च्या वर गेला की हे गट हायड्रोजन सोडतात, त्यांच्यावर ऋण भार येतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, मधे पाणी शिरतं आणि थर विरघळतो. जठरात बंद, लहान आतड्यात खुला.

आता दुधाचा सामू आहे सुमारे ६.७. वाटीत गोळे टाकून मुलाची मनधरणी चालू असताना थर तिथेच सुटू लागतो. उरलेलं काम जठरातलं आम्ल करतं. सफरचंदाच्या गराचा सामू मात्र साडेतीनच्या आसपास असतो, त्यात थर शाबूत राहतो.

समजा, बारा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून दिली आहे. सफरचंद शिजवून, कुस्करून, पूर्ण गार करायचं. त्यातला एकच मोठा चमचा घ्यायचा, गोळे त्यावर पसरायचे, लगेच भरवायचं, वर गार पाणी पाजायचं. मुलाने ते चावायचे नाहीत. चावले तर थर फुटलाच. वाटीभर गरात मिसळू नका, मूल अर्ध्यावर तोंड फिरवतं आणि किती औषध गेलं ते कळत नाही.

‘वरचं कवच प्लास्टिकचं असतं, काढूनच टाका’ असा एक संदेश मोबाईलवर फिरतो. ते जिलेटिनचं किंवा वनस्पतिजन्य सेल्युलोजचं असतं, पोटात विरघळतं.

शिवाय कवच काढणं कधी महागात पडतं. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगाट्रानच्या कॅप्सूलमधले गोळे कवचाविना घेतले तर रक्तात पोचणारं औषध सुमारे ७५ टक्क्यांनी वाढू शकतं, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. ती उघडायचीच नाही. घरातल्या मोठ्यांच्या पित्तावरच्या रॅबेप्राझोल-डॉमपेरिडोन एसआर कॅप्सूलमध्ये दिवसभर सावकाश सुटणारा मोठ्यांचा डोस असतो. ती उघडून थोडीशी मुलाला देणं तर सोडाच. उलट फ्लूवरच्या ओसेल्टामिविरच्या कॅप्सूलमध्ये साधी पूड असते, ती उघडून साखरेच्या पाण्यात किंवा चॉकलेट सिरपमध्ये देता येते. थोडक्यात, आत गोळे दिसले म्हणून कॅप्सूल उघडायला परवानगी आहे असं नाही. पाकिटातल्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते बघा, नाहीतर कवच उघडण्याआधी औषधविक्रेत्याला नाव दाखवा.