टी-टेस्ट की मान-व्हिटनी, या वादामागचं जुनं गणित
मेडिकल अभ्यासात दोन गटांची तुलना करायला टी-टेस्ट वापरायची की मान-व्हिटनी, हा वाद नेहमीचा. सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट आली १९०८ साली, एका ब्रुअरीतल्या केमिस्टने टोपणनावाने छापलेल्या पेपरमधून, कारण त्याच्याकडे सॅम्पल छोटी असायची. तीन किंवा जास्त गटांच्या सरासरींसाठीची अनोव्हा १९२० च्या दशकात शेतीच्या प्रयोगांतून आली. म्हणजे दोन्ही मुळात पेशंटसाठी नव्हत्याच. इथवर बहुतेकांना माहीत असतं, खरा गुंता पुढचा.

१९४५ ते १९५२ मध्ये रँकवर, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांच्या लहान-मोठ्या क्रमावर चालणाऱ्या टेस्ट आल्या, आधी विल्कॉक्सन, मग मान-व्हिटनी, मग तीन किंवा जास्त गटांसाठी क्रुस्कल-वॉलिस. हाताने गणित करायचं असल्याने त्या लोकांना सोप्या वाटल्या. मग १९६५ मध्ये नॉर्मॅलिटी, म्हणजे आकडे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणात बसतात का, हे तपासणारी शापिरो-विल्क आली आणि हळूहळू एक शॉर्टकट रूढ झाला: आधी नॉर्मॅलिटी तपासा, पास तर टी-टेस्ट, नापास तर रँकवाली. थीसिसमध्ये आजही हेच छापतात, आणि माझ्या मते सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण सॅम्पल छोटं असेल तर नॉर्मॅलिटीची टेस्ट बऱ्याचदा काही पकडतच नाही आणि मोठं असेल तर क्षुल्लक वाकडेपणालाही नापास करते, जेव्हा की मोठ्या सॅम्पलला टी-टेस्ट तेवढा वाकडेपणा आरामात सहन करते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही टेस्ट वेगळा प्रश्न विचारतात. समजा दोन वॉर्डांत पेशंट किती दिवस ॲडमिट राहिले ते बघतोय (आकडे बनवलेले आहेत). अ वॉर्ड: २, ३, ३, ४, ४, ५, २८. ब वॉर्ड: ५, ५, ६, ६, ६, ७, ७. सरासरी अ ची ७, ब ची ६, म्हणजे अ मध्ये जास्त दिवस. टी-टेस्टला ठोस फरक दिसत नाही, पी, म्हणजे खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.८ च्या जवळपास. मान-व्हिटनी मात्र उलट सांगते, ब मध्ये पेशंट जास्त राहतात आणि पी ०.०४ च्या आसपास, कारण २८ दिवसवाला तिच्यासाठी फक्त 'सगळ्यात वरचा' असतो, तो २८ राहिला काय नि ८ राहिला काय. चूक कोणाचीच नाही. बेड किती लागतील हे ठरवायचं असेल तर एकूण दिवस लागतात, म्हणजे सरासरीच, आणि तिथे तो २८ टाकून चालणार नाही (अर्थात सात-सात पेशंटवर कुठलीच टेस्ट ठाम काही सांगणार नाही). 'साधारण पेशंट किती राहतो' असं विचारायचं असेल तर रँकवाली जवळची. तीही मीडियनची, म्हणजे मधल्या आकड्याची तुलना असते ती दोन्ही गटांच्या वितरणाचा आकार सारखा असेल तरच, हे रिपोर्टमध्ये कोणी लिहीत नाही.

दुसरी दुर्लक्षित भानगड व्हेरिअन्सची, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याची. इथे अ चा पसारा ब च्या कितीतरी पट आहे, आणि गटांतल्या पेशंटची संख्याही असमान असेल तर साधी टी-टेस्ट नॉर्मॅलिटीपेक्षा यानेच जास्त बिघडते. यावरचा वेल्चचा उपाय १९४७ चाच आहे, अनोव्हासाठीही त्याचं रूप आहे, आणि R या सॉफ्टवेअरमध्ये `t.test()` नुसतं चालवलं तरी वेल्चच चालते, बरेच जण तिला साधी टी-टेस्ट समजून रिपोर्ट करतात.