व्हिडिओतील फेस स्वॅप : ओळखीचे स्थैर्य आणि लुकलुक

व्हिडिओतील एका व्यक्तीच्या चेहऱ्याच्या जागी दुसऱ्या व्यक्तीचा चेहरा बसवणे म्हणजे फेस स्वॅप. मान, नजर, ओठांची हालचाल आणि उजेड मूळ व्हिडिओतलाच राहतो, ओळख तेवढी बदलते. एका फोटोत हे जमले म्हणून व्हिडिओत जमेलच असे नाही. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक फ्रेम निर्दोष दिसते, पण व्हिडिओ चालवला की चेहरा थरथरतो, उजळतो-विझतो किंवा क्षणभर तिसऱ्याच कुणाचा वाटतो. यालाच फ्लिकर किंवा लुकलुक म्हणतात.

याचे मूळ कामाच्या पद्धतीत आहे. अनेक प्रचलित साधने प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे हाताळतात. आधी चेहरा शोधायचा, मग डोळे, नाक, ओठांची टोके असे खुणेचे बिंदू (लँडमार्क) काढायचे. त्यांच्या आधारे चेहरा सरळ करून ठरावीक मापाचा चौकोन कापायचा, चेहरे घडवायला शिकवलेल्या न्यूरल नेटवर्ककडून त्यात नवा चेहरा तयार करून घ्यायचा आणि तो उलट गणिताने जागेवर चिकटवायचा. मागच्या फ्रेममध्ये काय झाले याची आठवण यात कुठेच नसते.

लुकलुकीची सुरुवात बहुधा बिंदूंपासून होते. माणूस अगदी स्थिर बसला असला, तरी कॅमेऱ्याच्या चित्रातल्या दाणेदारपणामुळे आणि कॉम्प्रेशनमुळे बिंदू फ्रेमागणिक किंचित सरकतात. समजा, मूळ फ्रेममधला ५१२ पिक्सेलचा चौकोन १२८ पिक्सेलवर आणला. मग कापलेल्या चित्रातला अर्धा पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे दोन पिक्सेल. वरवर पाहता ही चूक आपोआप मिटायला हवी, कारण ज्या गणिताने कापले त्याच्याच उलट गणिताने चिकटवले जाते. तशी ती मिटत नाही. चौकोन जेवढा सरकला तेवढाच नाक-डोळा सरकवून नेटवर्क देत नाही. ते अवयव शिकलेल्या जागेकडे ओढते, पोतही थोडा बदलते. ही तफावत चिकटवल्यावर थरथर होऊन दिसते.

म्हणून पहिला उपाय बिंदूंवरच होतो. डिस्ने रिसर्च स्टुडिओजने २०२० मध्ये १०२४ पिक्सेलच्या चेहराबदलाचे काम मांडले. त्यात चेहऱ्याची चौकट मुद्दाम थोडी थोडी हलवून बिंदू अनेकदा काढले जातात आणि त्यांची सरासरी घेतली जाते. दुसरा मार्ग म्हणजे काळाच्या दिशेने गाळणी लावणे, म्हणजे बिंदूची नवी जागा मागच्या फ्रेममधल्या जागांशी मिसळून घेणे. इथे मात्र एक पेच आहे. २५ फ्रेम प्रतिसेकंदाच्या व्हिडिओवर १ हर्ट्झची साधी गाळणी लावली तर नव्या बिंदूला सुमारे २० टक्केच वजन मिळते. थरथर थांबते, पण मान वळली की बिंदू साधारण चार फ्रेम मागे पडतात. चेहरा दर फ्रेमला ६ पिक्सेल सरकत असेल तर हा उशीर २४ पिक्सेलचा होतो. २०१२ मधला वन युरो फिल्टर यावर तोड काढतो : हालचाल मंद असताना गाळणी घट्ट, वेग वाढला की सैल. थेट प्रक्षेपणात तो कामाचा. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत पुढच्या फ्रेमही हाताशी असतात, तेव्हा मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंनी सरासरी घेतली की उशीर राहतच नाही. शॉट बदलला की गाळणी कोरी करावी लागते, नाहीतर आधीच्या शॉटमधली जागा नव्या शॉटमध्ये घुसते.

बिंदूंऐवजी तयार पिक्सेलचीच सरासरी घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. पापण्या आणि दात दुहेरी दिसू लागतात.

ओळखीचा प्रश्न वेगळा आहे. ज्याचा चेहरा बसवायचा त्याची ओळख अनेक साधनांत ५१२ आकड्यांच्या मालिकेत साठवली जाते. ती चार-पाच चांगल्या फोटोंवरून एकदाच काढून संपूर्ण व्हिडिओभर तीच वापरावी. एवढे करूनही फ्रेममध्ये दोन माणसे असली तर घोटाळा होतो. साधन ‘डावीकडचा पहिला चेहरा’ असे मोजत असेल, तर दोघांनी जागा बदलताच चेहरे अदलाबदल होतात. म्हणून मूळ माणसाचा माग त्याच्या ओळखीवरून ठेवावा लागतो. मान पूर्ण वळली किंवा हात तोंडावर आला की शोधक एखादी फ्रेम चुकवतो आणि मूळ चेहरा झटकन डोकावतो. सगळ्या दोषांत हा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. एक-दोन फ्रेमची फट शेजारच्या बिंदूंवरून भरता येते. पूर्ण बाजूचा चेहरा मात्र आजही अवघडच आहे.

शेवटी चेहरा तीक्ष्ण करणारे साधन लावण्याची पद्धत आहे, आणि सुरळीत झालेले काम तिथेच बिघडते. अशी साधने भुवईचा केस, त्वचेची रंध्रे दर फ्रेमला नव्याने कल्पून काढतात, त्यामुळे त्वचा उकळल्यासारखी दिसते. त्यांचा जोर कमी ठेवून मूळ निकालात मिसळणे बरे.

तपासणीची एक सोपी युक्ती : चेहऱ्याच्या मधली, एक पिक्सेल रुंदीची उभी पट्टी प्रत्येक फ्रेममधून काढून शेजारी शेजारी लावावी. चेहरा स्थिर असेल तर ओठांची आणि नाकाखालची रेघ गुळगुळीत वाहते. थरथर असेल तर ती करवतीच्या दातांसारखी दिसते, आणि रंग डळमळत असेल तर उभे पट्टे उमटतात.