तिकिटाच्या फोटोवरचं WL, RAC आणि SL कसं वाचायचं?

भाचा पहिल्यांदाच एकटा कोल्हापूरहून मुंबईला निघालाय, महालक्ष्मी एक्स्प्रेसने. भावजींनी खिडकीवर काढलेल्या तिकिटाचा फोटो त्याने पाठवला आणि विचारलं, "मामा, जागा मिळाली ना?"

फोटोत दिसतं: GNWL43/WL18. यातला ४३ हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. तो प्रतीक्षा यादीत नाव लागलं तेव्हाचा अनुक्रमांक. तोवर काहींनी तिकिटं रद्द केली होती, म्हणून तिकीट काढताना खरा नंबर १८ वा. म्हणजे जागा मिळालेली नाही, तो रांगेत आहे. GN म्हणजे सर्वसाधारण यादी, आणि ती बऱ्यापैकी पुढे सरकते. PQWL किंवा RLWL असतं तर मी एवढा निवांत नसतो, कारण त्या कोट्यात मुळात जागाच थोड्या.

फोटो मात्र तिकीट काढलं त्या क्षणावरच थांबलेला असतो. आजची स्थिती पाहायला वरचा दहा आकडी पीएनआर घ्या आणि १३९ वर मेसेज करा:

```
PNR 1234567890
```

(आकडे अर्थात तुमचे.) आठवड्याने त्याचं RAC 22 झालं. आता गाडीत चढता येतं, पण खालचा साइड बर्थ दोघांत वाटून बसायचं. गाडी सुटण्याच्या काही तास आधी चार्ट लागला, तेव्हा डबा आणि नंबर आला: S6, 39, SL.

इथे भाचा गोंधळला. तिकिटावर वर्गाच्या रकान्यातही SL आहे, तिथे त्याचा अर्थ स्लीपर. बर्थपुढचं SL म्हणजे साइड लोअर. शंका आली तर नंबरला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा. ७ उरली तर साइडचा खालचा आणि बाकी शून्य तर साइडचा वरचा. ३९ ला बाकी ७. बरोबर. हा हिशेब स्लीपर डब्यापुरता, टू एसीत मधला बर्थच नसतो.

CNF लागलं असतं, तर अख्खा बर्थ एकट्याचा. चार्टनंतरही WL राहिलं असतं तर आरक्षित डब्यात चढता येत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट, त्यावरचे सगळेच WL असतील तर, आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचं तिकीट मात्र गाडीच्या वेळेआधी अर्धा तासापर्यंत स्वतः रद्द करावं लागतं.

आणि भाच्याला दोनदा बजावलेली गोष्ट: खिडकीवरच्या तिकिटाचा फोटो टीसी चालवून घेत नाही. भावजींच्या पाकिटातला तो मूळ कागदच हवा. ऑनलाइन तिकिटाला मोबाइलवरचा मेसेज आणि मूळ ओळखपत्र पुरतं.